मुलांची खेळायची जागा आखताना आधी झोका नको, आधी रस्ता ओलांडायची जागा ठरवा

सोसायटीत मुलांसाठी खेळायची जागा करायची ठरलं की मीटिंगमध्ये सगळ्यात आधी झोक्यांचे आणि घसरगुंड्यांचे कॅटलॉग फिरतात. माझं स्पष्ट मत असं की हा क्रम उलटा आहे. खेळणी चांगली असली तरी मूल लिफ्टमधून बाहेर पडून तिथपर्यंत पोचतं कसं, हे कोणी कागदावर काढलेलं नसतं. लॉबीचं दार आणि मैदान यांच्यामध्ये सोसायटीचा आतला रस्ता असतो आणि त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या असतात. खरा धोका तिथे आहे.

नेहमीची मांडणी डोळ्यासमोर आणा. सहा मीटर रुंद रस्ता, लॉबीच्या बाजूला रस्त्याला समांतर पार्किंग, पलीकडे मैदान. पाच वर्षांचं मूल साधारण 110 सेंटिमीटर उंच असतं, त्याचे डोळे जमिनीपासून एक मीटरवर. बऱ्याच मोठ्या गाड्यांचं बॉनेटही तेवढंच उंच असतं. म्हणजे दोन गाड्यांच्या फटीतून पळत निघालेलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही आणि मुलाला गाडी दिसत नाही.

आता हिशोब करू. धावणारं मूल सेकंदाला तीनेक मीटर जातं. पार्क केलेल्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवून एखादी गाडी येत असेल, तर फटीतून बाहेर आलेलं मूल सेकंदाच्या एक तृतीयांशात तिच्यासमोर असतं. ताशी 15 किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला, ड्रायव्हरला कळायला लागणारा दीड सेकंद धरून, थांबायला साडेसात मीटर लागतात. ताशी 30 ला हेच अंतर साडेसतरा मीटर होतं. अगदी ताशी 10 ला सुद्धा साडेचार-पाच मीटर हवेत. म्हणूनच ‘सावकाश चालवा’ची पाटी आणि नुसता स्पीड ब्रेकर पुरत नाही. वेग कमी हवाच, पण मूल गाडीच्या वाटेत येण्याआधी निदान दोन सेकंद ड्रायव्हरला दिसलंही पाहिजे. दोन सेकंद म्हणजे मुलाची सहा मीटर धाव.

हे सहा मीटर आखून मिळवावे लागतात. लॉबीच्या दारातून निघालेली वाट पार्किंगच्या पट्ट्यातून सरळ रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे आणा आणि ज्या बाजूने गाड्या येतात त्या बाजूचं सात-आठ मीटर पार्किंग काढून टाका. गाडीची एक जागा पुरत नाही, दीड लागते, म्हणजे व्यवहारात दोन जातात. यावरून भांडण होणारच. पण या दोन जागा सोडायची तयारी नसेल, तर बाकीच्या सजावटीवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. उरलेल्या तुकड्यात सायकल स्टँड चालेल. झाडं लावायची तर 60 सेंटिमीटरच्या वर न वाढणारीच. नुसते पांढरे पट्टे मारून जागा मोकळी राहत नाही, आठवड्याभरात तिथे कोणाची तरी गाडी उभी राहते. खांब रोवा किंवा फूटपाथच तिथपर्यंत रुंद करा.

जागा पुरेशी झाली का हे बघायला इंजिनिअर लागत नाही. एकाला गाडीत स्टिअरिंगमागे बसवा, गाडीचं नाक ओलांडायच्या जागेपासून साडेसात मीटरवर उभं करा. दुसऱ्याने 110 सेंटिमीटरची काठी घेऊन वाटेवर मागे मागे जायचं. गाडी जिथून जाईल त्या रेषेपासून सहा मीटर मागे गेल्यावरही काठीचं टोक दिसत असेल तर ठीक. मध्ये कुंडी, नोटीस बोर्ड किंवा लेटर बॉक्स आला तर तो हलवा.

ओलांडायची जागा फूटपाथच्या पातळीला उचललेली हवी. गाडीने चढावं, मुलाने उतरू नये. उंची 75 ते 100 मिलिमीटर, वरचा सपाट भाग निदान तीन मीटर, आणि दोन्ही बाजूंचा उतार 100 मिलिमीटरला एक मीटर. याहून उभा उतार केला की गाड्यांचे तळ घासतात, तक्रारी सुरू होतात आणि शेवटी कोणीतरी तो फोडून काढतं. वरचा पृष्ठभाग फूटपाथच्याच रंगाचा आणि पोताचा ठेवा. काम सुरू करण्याआधी अग्निशमन गाडीच्या वाटेचे तुमच्याकडचे नियम बघून घ्या, रुंदी आणि वळण कुठेही अडता कामा नये.

इथे हमखास चुकतं ते पाणी. उचललेला पट्टा रस्त्याच्या दोन्ही कडांना टेकवला की कडेने वाहणारं पाणी अडतं, उताराच्या पायथ्याशी डबकं होतं आणि मुलं ते चुकवायला पाच फूट बाजूने ओलांडतात, म्हणजे पुन्हा गाड्यांच्या फटीतून. म्हणून दोन्ही टोकांना जाळी टाकलेली पन्हळ हवी. जाळीच्या फटी मुलांच्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर छोट्या सायकलचं आणि बाबागाडीचं चाक अडकतं. काम हातात घ्यायच्या आधी बादलीभर पाणी ओतून उतार कुठे आहे ते पाहा. फूटपाथवर स्कूटर चढू नये म्हणून खांब लावतात, त्यातली मर्यादाही लक्षात घ्या: व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते. तिथे वॉचमनला लक्ष ठेवावंच लागतं.

मैदानाचं फाटक ओलांडायच्या जागेच्या अगदी समोर ठेवू नका. चार-पाच मीटर बाजूला घ्या, म्हणजे चेंडूमागे धावणाऱ्या मुलाला वळावं लागतं आणि वळताना वेग कमी होतो. कुंपण मीटरभर उंच आणि आरपार दिसणारं असावं. गज उभे हवेत, आडवे असले की त्यांची शिडी होते. दोन गजांमधलं अंतर नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. नऊ ते तेवीस सेंटिमीटरची फट सगळ्यात वाईट, कारण त्यातून लहान मुलाचं अंग पाय पुढे करून सरकतं आणि डोकं अडकतं. हाच नियम खेळण्यांच्या कठड्यांनाही लागू आहे.

झोका फाटकापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात हवा. त्याला लागणारी जागा लोक फार कमी धरतात. वरचा आडवा दांडा जमिनीपासून 2.4 मीटरवर असेल तर पुढे 4.8 आणि मागे 4.8 मीटर मोकळे लागतात, म्हणजे एकूण 9.6 मीटर. या पट्ट्यातून कोणाचीही येण्याजाण्याची वाट नको. एका चौकटीत दोनच झोके, मध्ये तिसरा टांगू नका. मधल्या झोक्यापाशी जायला बाजूच्या हलत्या झोक्यासमोरून जावं लागतं.

झोक्याखालच्या जमिनीसाठी पडण्याची उंची बसायच्या फळीपासून मोजतात, ते चूक. ती वरच्या दांड्यापासून धरायची, म्हणजे इथे 2.4 मीटर. त्या उंचीला 23 सेंटिमीटर वाळू पुरत नाही, ती साधारण 1.2 मीटरपर्यंतच साथ देते. तेवढ्याच जाडीचे लाकडाचे तुकडे पुरतात. रबराच्या टाइल्स घेणार असाल तर नुसती जाडी विचारू नका, किती उंचीवरून पडण्यासाठी चाचणी झाली आहे त्याचा कागद मागा, आणि तो आकडा 2.4 किंवा जास्त असेल तरच घ्या. पेव्हर ब्लॉकवर हिरवळीची सतरंजी अंथरली की डोळ्यांना मऊ वाटतं, डोक्याला नाही.

लाकडाचे तुकडे दबतात, म्हणून सुरुवातीला 30 सेंटिमीटर भरा. झोक्याच्या बरोबर खाली मुलांच्या पायांनी खळगा पडतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ होतो, नेमका जिथे जाड हवा तिथे. चौकटीच्या पायावर 23 सेंटिमीटरला रंगाची रेघ मारून ठेवा. दर आठवड्याला कडेचे तुकडे दाताळ्याने खळग्यात ओढायचे, आणि तरीही थर रेघेपर्यंत येत नसेल तर नवीन भर टाकेपर्यंत झोका काढून ठेवायचा.