पोराचा पगार आणि सरांचा एक प्रश्न

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवणारा कारखाना. पब्लिक लिमिटेड, पण शेअर बाजारात नाही. उलाढाल 100 कोटींवर गेली आणि मालकांना माझा फोन गेला, "आता एनआरसी नेमावी लागेल." ते म्हणाले, "आणखी एक कागद ना? करून टाका." (मी कंपनी सेक्रेटरी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदललेत.)

एनआरसी म्हणजे नामनिर्देशन व मोबदला समिती. कंपनी कायद्याच्या कलम 178 प्रमाणे तिच्यात कार्यकारी नसलेले किमान तीन संचालक लागतात आणि त्यातले निम्मे तरी स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी नातं-व्यवहार नसलेले, हवेत. कंपनीचे अध्यक्ष स्वतः सदस्य होऊ शकतात, समितीचं अध्यक्षपद मात्र त्यांना घेता येत नाही. संचालक आणि त्यांच्या खालच्या फळीतले अधिकारी कोण असावेत, त्यांचा पगार कशावर ठरावा, याची शिफारस समितीने संचालक मंडळाला करायची असते. आमच्याकडे तिघं होते: मालकांच्या वहिनी, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर.

पहिल्या बैठकीचा विषय होता धाकट्या चिरंजीवांना पूर्णवेळ संचालक नेमण्याचा. नाव, पगार, तारीख सगळं आधीच टाइप केलेलं. समितीची वेळ साडेदहा, मंडळाची पावणेअकरा. एखाद्या कंपनीची समिती खरी की शिक्क्यापुरती, हे ओळखायचं असेल तर मिनिट्स बुकात या दोन वेळा बघा. पंधरा मिनिटांत चहा होतो, माणसाची पारख होत नाही.

सरांनी भडंगाची वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "पोरगं हुशार आहे, मी शिकवलंय त्याला. पण त्याचं काम काय, ते कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. आधी जागा ठरते, त्या जागेला काय यायला हवं ते ठरतं आणि मग माणूस शोधतात. आपल्याकडे माणूस घरात तयार असतो आणि जागा त्याच्या मापाने शिवतात.

मग पगार. मालकांचे 36 लाख, मुलाचे प्रस्तावित 30, मिळून 66. नफा 6 कोटी. (हा कलम 198 प्रमाणे काढायचा, आणि संचालकांचा पगार त्यातून वजा करायचा नाही. इथे भलेभले चुकतात.) एकाहून जास्त पूर्णवेळ संचालक असतील तर सगळ्यांचा मिळून पगार नफ्याच्या 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 60 लाख. त्यावर जायचं तर भागधारकांचा विशेष ठराव, तीन चतुर्थांश मतांनी. घरातच 80 टक्के शेअर असतील तर तो ठराव जेवणाच्या टेबलावरही होतो.

मोठ्या लिस्टेड कंपनीत असं चालत नाही. 2021 मध्ये आयशर मोटर्समध्ये व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्ती आणि पगाराच्या ठरावाला 75 टक्के मतं मिळाली नाहीत, कारण बाहेरच्या भागधारकांकडे पुरेशी मतं होती. नंतर पगाराची मर्यादा खाली आणून ठराव पुन्हा मांडावा लागला. कुपवाडात अडवणारं कोणी असलंच तर ते समितीतच बसलेलं असतं.

त्या 30 लाखांतले 10 लाख उलाढालीवर होते: उलाढाल 5 टक्क्यांहून जास्त वाढली की पूर्ण रक्कम. सरांनी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. गेल्या वर्षी 10,000 टन कास्टिंग, किलोला 100 रुपये, म्हणजे 100 कोटी. यंदा 9,800 टन, पण वितळवायला लागणारं स्क्रॅप महागल्यामुळे ग्राहकांनी दर 112 करून दिलेला. उलाढाल जवळजवळ 110 कोटी. माल कमी गेला, तरी बक्षीस पक्कं! भंगाराच्या भावाचे पैसे पोराच्या कर्तबगारीच्या खात्यात. मी इतकी वर्षं असे कागद टाइप करतोय, माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं, हे कबूल करतो.

ती बैठक तहकूब झाली. पुढच्या वेळी कामाचं वर्णन आलं. पगार ठरला 18 लाख पक्के आणि 6 लाखांपर्यंत कामगिरीवर: टनामागे सुटलेला नफा, रिजेक्शनचं प्रमाण आणि वेळेवर झालेली वसुली. तेही ऑडिट झाल्यावरच द्यायचे. मालकांचे 36 धरून एकूण बरोबर 60 लाख, विशेष ठरावाची गरजच उरली नाही. वहिनींनी सही करताना फक्त, "बरं झालं," म्हटलं.

सर माझ्या मते त्या कंपनीतले सगळ्यात स्वस्त संचालक होते. बैठकीला मिळायची ती सिटिंग फी आणि येण्याजाण्याचा खर्च, बस्स.

स्वतंत्र संचालकाची पहिली मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. दुसरी द्यायची तर विशेष ठराव लागतो, म्हणजे पुन्हा तेच 80 टक्के. यंदा मार्चमध्ये सरांची मुदत संपली. समितीने फेरनियुक्तीची शिफारस केली होती, ते मिनिट्स मीच लिहिलेत. ठराव सभेपुढे आलाच नाही. नवीन स्वतंत्र संचालक मालकांचे जुने वर्गमित्र आहेत. कायद्याच्या व्याख्येत ते चोख बसतात, नातं नाही की व्यवहार नाही.

परवाच्या बैठकीच्या वेळा: साडेदहा आणि पावणेअकरा.