शिक्का असूनही पार्किंगचे पैसे का मागतात?

"मॉलमध्ये पार्किंगचे पैसे घेणं बेकायदा आहे, कोर्टाचा देशभराचा आदेश आहे. पावतीवर दुकानाचा शिक्का दाखवा, कितीही तास झाले तरी एक रुपया देऊ नका. एअरपोर्टवरही हेच." असा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो. त्यातला एकेक मुद्दा तपासू.

आदेश. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंग फी घ्यायला मनाई केली, पण आधार तिथल्या बांधकाम नियमांचा होता. केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये मॉलच्या बाजूने कौल दिला. म्हणजे प्रश्न राज्याराज्याचा आहे. पुण्याच्या फाटकावर अहमदाबादचा निकाल दाखवून उपयोग नाही.

शिक्का आणि तास. खरी फसगत इथे होते. हैदराबादचं उदाहरण घ्या, कारण तेलंगणाने 2018 मध्ये यावर स्पष्ट आदेश काढला. पहिली 30 मिनिटं सगळ्यांना मोफत. 30 मिनिटं ते एक तास, कुठल्याही खरेदीचं बिल दाखवलं की मोफत. एका तासानंतर मात्र बिलाची किंवा सिनेमाच्या तिकिटाची रक्कम पार्किंग फीपेक्षा जास्त हवी. समजा तुम्ही तीन तास थांबलात, फी 60 रुपये झाली आणि हातात 40 रुपयांच्या चहाचं बिल आहे. तर फी द्यावी लागेल. तेच 250 रुपयांचं तिकीट असेल तर द्यायची नाही, आणि कोणी मागितली तर ती मागणीच चूक आहे.

यात माफी ठरते ती बिलावर. दुकानदाराच्या शिक्क्यावर ना रक्कम असते ना वेळ. शिवाय अनेक मॉलमध्ये सवलत बारकोड स्कॅन करून यंत्रणेत नोंदवावी लागते. ती नोंद राहिली तर बूथवरच्या माणसाला पडद्यावर पूर्ण रक्कमच दिसते. म्हणून दुकानात शिक्का मारला की लगेच विचारा, "सिस्टिममध्ये टाकलंत का?" बूथवरच्या पोराशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात ते नसतं.

एअरपोर्ट. इथे मॉलचा नियम लागूच होत नाही. विमानतळ प्राधिकरण कायदा, 1994 च्या कलम 22 नुसार प्रवासी आणि अभ्यागतांना दिलेल्या सोयींसाठी प्राधिकरणाला शुल्क घेता येतं. शिवाय फास्टॅगने पैसे कापले जात असतील तर कागदावरचा शिक्का कोणी बघतही नाही.

पैसे देऊ नका? फाटक अडवू नका. पैसे भरा, पण पावती घ्या. पार्किंग तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा, बिलाचा आणि दरफलकाचा फोटो काढा. मॉल व्यवस्थापनाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. थर्मल कागदावरची शाई त्याआधीच उडते, त्यामुळे फोटो त्याच दिवशी काढलेला बरा.