परदेशातून : अठ्ठावन्नचा कागद

"माझ्या नेमणूकपत्रात निवृत्तीचं वय 60 लिहिलंय. कंपनी म्हणते आता सगळ्यांना 58. चालतं का असं? तिकडं ब्रिटनमध्ये काय आहे?" कुपवाड एमआयडीसीत 22 वर्षं फिटर असलेल्या माझ्या दादाचा हा मेसेज.

नाही चालत. मी तेवढंच लिहिलं आणि घरच्या ग्रुपवर वाद पेटला. चुलतभाऊ म्हणाला, राज्य सरकारात 58 आहे म्हणजे सगळीकडे तेच. सरकारातलं खरं, पण शिपायांना तिथंही 60, आणि तो नियम कारखान्याला लागूच नाही. वहिनी म्हणाली, पीएफची पेन्शन 58 ला सुरू होते, मग बिघडलं कुठं? पेन्शन सुरू होण्याचं वय वेगळं आणि नोकरी संपण्याचं वय वेगळं, हे पटवण्यात माझी अर्धी रात्र गेली.

मामांनी सांगलीच्या कामगार न्यायालयात आयुष्य काढलंय. ते एवढंच म्हणाले, "त्याच्याकडून सही कशावर मागतायत, ते आधी बघ." कागदावर लिहिलं होतं, 'मी स्वेच्छेने निवृत्त होत आहे.' सगळी मेख तिथंच आहे. करारातलं वय होण्याआधी मालकानं कामगाराला काढलं, तर ती निवृत्ती नव्हे, कपात ठरते. मग एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला 15 दिवसांच्या पगाराची भरपाई, म्हणजे दादाची 330 दिवसांची, ग्रॅच्युइटीहून वेगळी. 'स्वेच्छेने' लिहून दिलं की कपात उरत नाही. 58 च्या नुसत्या परिपत्रकावर 'मिळाले, मान्य नाही' लिहून सही करायला हरकत नाही. दादाला नुकतंच 'सुपरवायझर' केलंय, त्यानं तो कायद्याच्या दृष्टीनं 'कामगार' राहतो का, यावर मात्र मामाही ठाम बोलले नाहीत. हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघतात, म्हणाले.

मला राग येतो तो "वय झालं, आता पोरांना जागा द्या" या बोलण्याचा. इथं ब्रिटनमध्ये 2011 साली 65 व्या वर्षी निवृत्तीची सक्ती गेली. वय बघून बढती नाकारली तर ट्रायब्युनलमध्ये जाता येतं, तिकडं भारतात खासगी नोकरीत तसा कायदाच नाही. हे मी ग्रुपवर ठसक्यात लिहिलं. एका वकिलाला भागीदारीतून 65 व्या वर्षी काढलं आणि 2012 मध्ये इथल्याच सर्वोच्च न्यायालयानं सबळ कारण असेल तर ते चालू शकतं म्हटलं, हे लिहिलं नाही.

दादानं विचारलं, "तुला डावलल्यावर तू गेलास का?"

मी 53 चा असताना आमच्या विभागातली बढतीची जागा 34 वर्षांच्या मुलाला मिळाली. मला सांगण्यात आलं, 'टीमला ताजी ऊर्जा हवी.' ते वाक्य ईमेलमध्ये होतं, याहून चांगला पुरावा कुठला? तक्रारीला तीन महिन्यांत एक दिवस कमी, एवढी मुदत होती. नोकरीतले तंटे मिटवणाऱ्या एकास या संस्थेला मी फोनसुद्धा केला नाही. 19 वर्षं इथं राहूनही, बाहेरून आलेल्या माणसानं भांडू नये असं आतून वाटत राहिलं. दादाला जे ठणकावून सांगत होतो, ते स्वतःच्या बाबतीत मला जमलं नव्हतं.

दादाला मी हे सगळं लिहिलं. त्यानं उत्तरात परिपत्रकाचा फोटो पाठवला. खाली त्याच्या अक्षरात होतं, 'मिळाले. मान्य नाही.'