लेव्हल वर गेली म्हणजे पाणी वाढलं असं नाही

"मामा, आमच्या अटेंडंट ग्रुपवर आलंय, खरंय का? 'लोड वाढल्यावर ड्रम लेव्हल वर गेली म्हणजे ड्रममध्ये पाणी जास्त झालं, लगेच फीड कमी करा, आयबीडी मारा. थ्री एलिमेंट म्हणजे तीन लेव्हल ट्रान्समीटर, एक पुरतो. लेव्हल हलत असेल तर गेन वाढवा. अनुभवी माणूस सिंगल एलिमेंटवर बॉयलर मस्त चालवतो.'"

भाच्याने हे रात्री पाठवलं, तो साखर कारखान्यात कोजनच्या बॉयलरवर आहे आणि सेकंड क्लासच्या परीक्षेला बसतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण यातलं पहिलंच वाक्य पाळलं तर बॉयलर लो लेव्हलवर ट्रिप होणार, आणि ट्रिप बायपास केलेली असेल तर ट्यूब जातील.

तेव्हा पहिला मुद्दा. ड्रममध्ये नुसतं पाणी नसतं रे, पाण्याखाली वाफेचे बुडबुडे असतात, रायझर ट्यूबमध्ये तर भरपूर. लेव्हल म्हणजे पाणी अधिक ते बुडबुडे. टर्बाइनने किंवा पॅनने एकदम स्टीम ओढली की ड्रमचं प्रेशर पडतं. प्रेशर पडलं की दोन गोष्टी होतात, आहेत ते बुडबुडे फुगतात आणि उकळीच्या तापमानावर बसलेल्या पाण्यातून नवीन वाफ सुटते. स्टीम टेबल काढून बघ. 45 बारवरून 42 बारला आलास तर 1 किलो पाण्यातून साधारण 12 ग्रॅम वाफ सुटते. 12 ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्या प्रेशरला ती अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जागा खाते, आणि ते 1 किलो पाणी स्वतः सव्वा लिटरच्या आसपास असतं. सगळी वाफ पाण्याखाली थांबत नाही, बरीचशी वर निघून जाते, पण जेवढी थांबते तेवढी पाण्याला वर ढकलते. हाच स्वेल. म्हणजे ज्या क्षणी बॉयलरमधून पाणी जास्त वेगाने कमी होतंय त्याच क्षणी लेव्हल वर चाललेली दिसते. लोड पडला की उलटं, प्रेशर चढतं, बुडबुडे बसतात, लेव्हल खाली येते, तो श्रिंक.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. ऑस्ट्रम आणि बेल या दोघांचा 2000 सालचा ऑटोमॅटिका जर्नलमधला पेपर आहे, स्वीडनमधल्या माल्मोच्या 160 मेगावॅट युनिटवर घेतलेल्या मोजमापांशी ताडून बघितलेलं मॉडेल. त्यात ड्रमचं प्रेशर आणि एकूण पाणी धरून भागलं नाही, ड्रममध्ये पाण्याखाली किती वाफ आहे हा वेगळा आकडा धरावा लागला, तेव्हा कुठे लेव्हलचं वागणं जमलं. पाणी आणि लेव्हल एकच असते तर त्याची गरजच पडली नसती.

आता त्या सल्ल्याने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, कारखान्याचं नाव नको. 70 टनी बॉयलर, स्टीम फ्लोच्या ट्रान्समीटरची इंपल्स लाइन चोक, म्हणून कंट्रोल सिंगल एलिमेंटवर टाकलेला, म्हणजे फक्त लेव्हल बघून फीड हलवणारा. पॅन चालू झाले, स्टीम 50 टनांवरून 65 वर गेली, लेव्हल साठेक मिलिमीटर वर. कंट्रोलरने आपलं काम केलं, फीड 40 टनांवर आणलं. ऑपरेटरने घाबरून वर आयबीडी मारला, म्हणजे ब्लोडाऊन उघडून आणखी पाणी बाहेर सोडलं. आता हिशोब कर. तासाला 25 टनांची तूट म्हणजे मिनिटाला 400 किलोपेक्षा जास्त पाणी कमी. दीड मीटर व्यासाचा, 8 मीटर लांबीचा ड्रम धर, मध्यावर पाण्याचा पृष्ठभाग 12 चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला 40-45 मिलिमीटर लेव्हल खरोखर उतरतेय, आणि आयबीडीचं पाणी यात धरलेलंच नाही. हे स्क्रीनवर दिसत नव्हतं कारण फुगवटा ते झाकत होता. मग बगॅस फीडर वाढवले, प्रेशर परत चढायला लागलं, फुगवटा ओसरला आणि लेव्हल धाडकन खाली. तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, पण डीअरेटरचं पाणी 105 डिग्रीचं आणि ड्रम अडीचशेच्या वर, त्या गार पाण्याने उरलेले बुडबुडेही बसले, त्यामुळे पाणी ओततोय आणि लेव्हल अजून खाली असं झालं. लो-लोवर बॉयलर ट्रिप. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येकाने लेव्हल बघूनच काम केलं होतं.

लेव्हल जास्त झाली तर कॅरीओव्हर होऊन सुपरहीटर आणि टर्बाइनला पाणी जाईल ही भीती खोटी नाही, हाय लेव्हलची ट्रिप त्यासाठीच असते. पण लोड चढताना आलेल्या फुगवट्यावर पाणी काढून टाकणं हा त्याचा इलाज नाही.

तीन ट्रान्समीटरचं तर काय सांगावं. लेव्हलचे तीन ट्रान्समीटर असतात ते तिनातल्या दोनांनी होकार दिला तर ट्रिप, यासाठी. थ्री एलिमेंटमधले तीन म्हणजे ड्रम लेव्हल, स्टीम फ्लो आणि फीड वॉटर फ्लो. लिहिणाऱ्याने लूप कधी उघडून बघितलेला नाही हे इथेच कळतं.

तोच प्रसंग थ्री एलिमेंटवर धर. स्टीम 15 टनांनी वाढली, स्टीम फ्लोचा सिग्नल लगेच म्हणतो 15 टन पाणी वाढव. लेव्हल कंट्रोलर त्याच वेळी म्हणतो लेव्हल जास्त आहे, समजा 8 टन कमी कर. बेरीज होऊन फीडचा सेटपॉइंट 57, म्हणजे 40 कडे पळण्याऐवजी थोडा वरच. फुगवटा जसा ओसरतो तसा लेव्हलचा विरोध संपतो आणि फीड 65 ला येऊन बसतं. तिसरा एलिमेंट, फीड फ्लो, हा आतला जलद लूप. ड्रमचं प्रेशर पडलं की व्हॉल्व्ह तेवढाच उघडा असून पाणी जास्त घुसतं, ते हा लूप लेव्हलला कळायच्या आधी सावरतो. फुगवटा मात्र राहतोच, तो कुठलाही कंट्रोल घालवू शकत नाही, फक्त त्याला फसून चुकीचं पाऊल पडत नाही.

गेन वाढवायचा सल्ला याच कारणाने वाईट. पहिली हालचालच उलट्या दिशेची, तिच्यावर जोरात धावलास की लेव्हल झुलायला लागते. वरच्या हिशोबात ते 8 टन 20 झाले तर थ्री एलिमेंट असूनही फीड 45 ला येईल. लेव्हलचा ट्रिम हळूच ठेवायचा, ब्लोडाऊन आणि फ्लो मीटरमधला फरक तो सावकाश भरून काढतो.

सिंगल एलिमेंटबद्दल एवढं मान्य करतो, लोड स्थिर असेल तर छोट्या पॅकेज बॉयलरला तो पुरतो. आणि स्टार्टअपला आपणही त्यावरच असतो, कारण 20 टक्के फ्लोला ओरिफिसवरचा डीपी फक्त 4 टक्के येतो, त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण पॅन आणि मिल जिथे दर तासाला स्टीम खेचतात-सोडतात तिथे नाही.

आज शिफ्टला गेलास की स्टीम फ्लो, फीड फ्लो, लेव्हल आणि ड्रम प्रेशर एकाच ट्रेंडवर घे आणि पॅन चालू झाल्याची वेळ शोध. स्टीम वर जाताना फीड पण त्याच दिशेला गेलं आणि लेव्हलने एकच उंचवटा दाखवला तर लूप बरोबर आहे. फीड उलट खाली गेलं असेल तर मोड सिंगलवर आहे का ते बघ, नसेल तर ट्रिम जास्त लावलाय, इन्स्ट्रुमेंटवाल्यांना तो ट्रेंड दाखव. आणि तोपर्यंत लोड चढताना आयबीडीला हात लावू नकोस.