टिकली आणि जबडा

संक्रांतीला मी हौसेने केलेल्या तिळाच्या वड्यांचा पाक अंमळ पुढे गेला आणि आपली कलाकृती वाया जाऊ नये म्हणून त्या एकट्यानेच संपवण्याचे व्रत मी आठवडाभर पाळले. सातव्या दिवशी जेवताना उजव्या कानापाशी ‘कट्’ असा आवाज झाला. "अहो, भातात खडा आला का?" असे सौ.ने विचारले, तेव्हा हा आवाज खासगी राहिलेला नाही, हे मला कळले.

पुढे भाकरीच्या प्रत्येक घासाला कानापुढे कळ येऊ लागली. आधी कान दाखवला. तो निर्दोष निघाला. मग दंतवैद्यबाईंनी दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून मला तोंड उघडायला लावले. माझी तीन बोटे उभी आत गेली, हे सुचिन्ह ठरले. जबड्याच्या सांध्यातील कूर्चेची चकती पुढे सरकली असावी आणि तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्यावर पुन्हा चढते तेव्हा तो आवाज होतो, असे त्या म्हणाल्या. नुसता आवाज असता तर काहीच करावे लागले नसते. दुखत होते म्हणून सांध्याला आणि स्नायूंना विश्रांती हवी होती.

"मी कधीपासून डावीकडेच चावतो आहे," मी अभिमानाने सांगितले. एका बाजूने कडक घास चावताना दुसऱ्या बाजूच्या सांध्यावरही चांगलाच भार येतो, हे ऐकून माझी मुत्सद्देगिरी कोसळली. यापुढे मऊ, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी चावणे, असा हुकूम झाला.

"काम करताना तुमचे दात कुठे असतात?"

"तोंडातच," मी म्हणालो.

त्यांना हसू आले नाही. चावताना आणि गिळताना सोडले, तर वरचे व खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ ‘न’ म्हणताना टेकते तिथे, ही विश्रांतीची जागा. मी तर महिन्याच्या विसाव्या तारखेपूर्वी लोकांची करविवरणपत्रे भरताना अक्षरशः दातओठ खात असतो.

उपाय सौ.ने काढला. माझ्या संगणकाच्या कडेला तिने लाल टिकली चिकटवली. नजर गेली की मनात ‘न’ म्हणायचे आणि जबडा सैल सोडायचा. पहिल्या दिवशी दर खेपेला दात आवळलेलेच सापडले. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे गालावर कोमट ओला कपडा ठेवू लागलो, फोन खांद्यात दाबणे सोडले आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरून तिला आवर घालू लागलो. बैठकीत त्यामुळे मी विचारवंत दिसतो, असे कळते. जबडा अडकला, तोंड उघडेनासे झाले किंवा सूज आली, तर मात्र लगेच यायचे, अशी ताकीद होती.

पाच आठवड्यांत दुखणे ओसरले. ‘कट्’ अधूनमधून होतो आणि त्याला राहण्याची वैद्यकीय परवानगी आहे. टिकलीही आहे, परवा कार्यालयातील शिपायाने तिला देवीची समजून शेजारी झेंडूचे फूल ठेवले.