समोरचे आणि पलीकडचे

संत्र्याच्या आंबिया बहारावर बोलण्याचे धरमपेठेतील निमंत्रण स्वीकारल्यावर मला कळले की समोर नागपूरचे हौशी बागवान बसणार असून काटोल, नरखेड आणि वरुडचे खरे बागायतदार यूट्यूबवरून पाहणार आहेत. आयोजकांच्या मते हे एकच भाषण होते. वक्त्याच्या दृष्टीने मात्र ती एका मांडवातली दोन लग्ने असतात, आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी रुसण्याच्या तयारीनेच आलेले असतात.

खरी पंचाईत वेळेची होती. थेट प्रक्षेपण पलीकडच्या मोबाइलवर काही सेकंद उशिराच पोचते. आमच्याकडे ते वीसेक सेकंद मागे असल्याचे आदल्या दिवशीच्या चाचणीत दिसले. म्हणजे मी "झाडाचे पाणी तोडून ताण का देतात?" असे विचारणार, सभागृह तत्काळ उत्तरणार, मी फळगळीकडे वळणार, आणि तेव्हा वरुडहून "फुले यावीत म्हणून" असे उत्तर येऊन ते फळगळीचे कारण ठरणार! म्हणून प्रश्न विचारताच पलीकडच्यांनी उत्तर लिहायला घ्यावे असे मी सांगितले, मधल्या वेळात एक छायाचित्र समजावले, मग चॅट वाचले आणि शेवटी समोरच्यांना विचारले. पहिल्या रांगेतील एक निवृत्त काका तोवर हात वर धरून होते, आणि वरुडकरांनी आपले उत्तर पळवले हे त्यांना अजिबात रुचले नाही.

लेझरची कांडी मी खिशातच ठेवली. स्लाइड लॅपटॉपमधून थेट प्रक्षेपणात जात असल्याने भिंतीवरचा लाल ठिपका पलीकडे दिसतच नाही, आणि "हे बघा, इथे" म्हटल्यावर काटोलकर नेमके कुठे बघणार? माउसचा बाण मोठा करून "डावीकडच्या फांदीचे वरचे पान" असे तोंडानेही सांगितले की दोघांचे भागते. शिवाय मागच्या रांगेतील चष्मा विसरलेल्यांचेही.

प्रश्नोत्तरांत काकांनी बिनमाइकचा, पण खणखणीत प्रश्न विचारला: काळ्या, भारी जमिनीत ताण किती दिवस द्यावा? कॉलरचा माइक फक्त माझेच ऐकतो, त्यामुळे पलीकडच्यांसाठी मी तो प्रश्न पुन्हा उच्चारला.

"मी मराठीतच विचारलं न भाऊ?" काका म्हणाले.

जमिनीत ओल जास्त टिकते म्हणून ताण बसायला हलक्या जमिनीपेक्षा अधिक दिवस लागतात आणि दिवस मोजण्यापेक्षा पाने मलूल होताना पाहावीत, हे उत्तर मी समोर बघून सुरू केले आणि शेवटच्या रांगेमागील कॅमेऱ्याकडे बघून संपवले. काकांनी मागे वळून, मी कोणाशी बोलतो आहे ते पाहिले.

अध्यक्षांनी लगेच आभार मानायला घेतले. पलीकडचा शेवटचा प्रश्न अजून वाटेत असेल म्हणून मी त्यांना थांबवले, तेव्हा वेळ भरून काढण्यासाठी त्यांनी बाहेर तर्री-पोहे तयार असल्याचे जाहीर केले. वीस सेकंदांनी नरखेडहून प्रश्न आला: "आमच्या पोह्यांचं काय?"