पहिल्या चार आकड्यांनीच शाळा पकडली

माझी मावसबहीण घणसोलीला राहते. मुलीला दुसरीत घालायचं म्हणून जवळचीच एक शाळा पाहिली. बाहेर मोठा फलक: ‘सीबीएसई’. पैसे भरायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला, "दादा, जरा बघशील का?" मी म्हटलं, यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागून घे. खरं तर तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेला असतो, पण ऑफिसात मागितला की लोक असे बघतात जणू तिजोरीची किल्लीच मागितली.

क्रमांक मिळाला, अकरा आकडी, सुरुवात २७२४. तिथेच मला शंका आली. पहिले दोन आकडे राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन जिल्ह्याचे. ठाण्याचा २१, रायगडचा २४. घणसोली ठाणे जिल्ह्यात. मग इथल्या शाळेला रायगडचा क्रमांक कसा? नवी मुंबईत हा घोळ सहज होतो, कारण वाशी-नेरुळ-ऐरोली ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे रायगडात. पत्त्यावर मात्र सगळीकडे ‘नवी मुंबई’च.

यूडायस प्लस या सरकारी पोर्टलच्या ‘Know Your School’ पानावर क्रमांक टाकला. पत्ता खारघरचा. वर्ग पहिली ते दहावी, माध्यमिकचं मंडळ सीबीएसई. म्हणजे माहिती खरी, फक्त ती दुसऱ्याच इमारतीची! प्रत्येक शाळेला स्वतंत्र क्रमांक असतो; घणसोलीच्या शाखेने खारघरच्या मूळ शाळेचा उसना दिला होता. पिनकोडने शोधलं तर घणसोलीत या नावाची शाळा दिसलीच नाही.

एक सांगतो, यादीत नाव नाही म्हणून लगेच बोगस म्हणू नका. ही माहिती शाळा स्वतः भरते आणि ती ३० सप्टेंबरच्या स्थितीची असते, त्यामुळे जूनमध्ये सुरू झालेली शाळा काही महिने दिसणार नाही. ही शाखा मात्र तिसऱ्या वर्षात होती.

शाळेने स्वतः भरलेल्या मंडळाच्या नोंदीवरही मी थांबत नाही. सीबीएसईचा संलग्नता क्रमांक वेगळा, सात आकडी. तो मंडळाच्या ‘सारस’ पोर्टलवर टाकला की ज्या जागेला संलग्नता दिली तिचा पत्ता निघतो. इथेही खारघरच निघालं. राज्याची मान्यता आणि मंडळाची संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणजे नुसती सीबीएसईची पुस्तकं, संलग्नता नव्हे. मुलांची मंडळाकडे नोंदणी नववीत होते, तोवर पालकांना काही कळतच नाही.

बहिणीने दुसऱ्या दिवशी शाखेचा स्वतःचा क्रमांक मागितला. "प्रोसेस चालू आहे मॅडम." तिने मान्यतेच्या आदेशाची प्रत मागितली, तर "मोठे सर आले की देतो."

मोठे सर अजून आलेले नाहीत. पैसे बहिणीकडेच आहेत.